दुबईच्या नोकरीचा एजंट: परवाना, व्हिसा आणि पैसे कसे तपासायचे

प्रश्न: माझा धाकटा भाऊ दहावीनंतर आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला आहे. आमचं गाव खेड तालुक्यात. शेजारच्या गावातला एक ओळखीचा माणूस मुंबईतल्या ऑफिसमार्फत त्याला दुबईला लावतो म्हणतोय. पगार १,८०० दिरहम, नोकरी शंभर टक्के पक्की, खर्च एकूण १ लाख ४० हजार. त्यातले ५० हजार आणि पासपोर्ट या आठवड्यात द्या, म्हणजे व्हिसा ‘ब्लॉक’ होईल, असं तो सांगतो. आधी विजिट व्हिसावर जायचं आणि तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा होतो म्हणे. आम्ही खात्री कशी करायची?

उत्तर:

ताई, या आठवड्यात पैसेही देऊ नका आणि पासपोर्टही देऊ नका. भावाला दुबईला पाठवूच नका, असं मी म्हणत नाही. आमच्या भागातली कितीतरी घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली आहेत आणि इलेक्ट्रिशियनला तिथे खरोखर काम आहे. मी मुंबईत एका नोंदणीकृत रिक्रूटिंग एजन्सीत कागदपत्रांचं काम बरीच वर्षं केलं आणि आता जाणाऱ्या मुलांचे कागद निघण्याआधी तपासून देतो. त्या अनुभवातून सांगतो, एजंटच्या बोलण्यावरून, ऑफिसवरून किंवा ओळखीवरून काहीच कळत नाही. तो जे जे सांगतो त्या प्रत्येक गोष्टीचा खरा कागद दुसऱ्या कुणाकडे तरी तयार झालेला असतो. त्याला भारत सरकारने परवाना दिलेला असतो, माणसं हवीत हे कंपनीने लिहून दिलेलं असतं, ऑफर आणि परमिट यूएईच्या सरकारी यंत्रणेतून निघालेलं असतं. म्हणून प्रत्येक कागद एजंटकडून घ्यायचा आणि तो जिथे तयार झाला तिथे जाऊन पडताळायचा.

पहिला प्रश्न परवान्याचा. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची असतील तर १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणीसाठी बँक गॅरंटी ठेवावी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी emigrate.gov.in वर सगळ्यांना खुली आहे. तिथे रिक्रूटिंग एजंटच्या शोधात नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की पत्ता, फोन आणि परवाना चालू आहे, संपला आहे की निलंबित आहे हे दिसतं. क्रमांक साधारण B- ने सुरू होतो, पुढे आकडे येतात आणि मुंबईच्या एजंटच्या क्रमांकात MUM असतं. ऑफिसच्या भिंतीवर गुमास्ता लायसन्स, जीएसटीचं प्रमाणपत्र, आयएसओचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, मंत्र्यांबरोबरचे फोटो असं बरंच काही लावलेलं असतं. यातलं काहीही परदेशी भरतीचा परवाना नाही. गुमास्ता म्हणजे दुकान चालवायची नोंद, तेवढंच.

आता तुमचा ओळखीचा माणूस. तो स्वतः परवानाधारक असण्याची शक्यता फार कमी आहे. तो गावागावांतून मुलं गोळा करून मुंबईच्या ऑफिसला देतो आणि दर माणशी कमिशन घेतो. कायद्यात अशा सब-एजंटला जागाच नाही. तो वाईटच असेल असं नाही, बऱ्याचदा त्यालाही मुंबईवाला काय करतो हे नीट ठाऊक नसतं. पण पैसे त्याच्या हातात गेले की परवानाधारक एजंट म्हणू शकतो, “आम्ही याला ओळखत नाही, आम्हाला काही मिळालं नाही.” म्हणून त्याच्याशी चहा प्या, माहिती घ्या. व्यवहार मात्र त्याच्याशी करू नका.

इथे एक फसगत नेहमी होते. ऑफिसवाला जो परवाना क्रमांक दाखवतो तो खराच असतो, फक्त तो दुसऱ्याच एजन्सीचा असतो. कधी परवाना भाड्याने घेतलेला असतो, कधी जाहिरातीतून सरळ उचललेला. म्हणून ई-मायग्रेटवर नाव सापडलं की तिथेच थांबू नका. तिथे दिलेल्या फोनवर फोन करा, कार्डावरच्या नंबरवर करू नका. आणि तीन गोष्टी विचारा. अमुक पत्त्यावरचं ऑफिस तुमचं आहे का? हा माणूस तुमच्याकडे कामाला आहे का? दुबईच्या अमुक कंपनीसाठी इलेक्ट्रिशियनची भरती तुमच्याकडे चालू आहे का? खरी एजन्सी या प्रश्नांना दोन मिनिटांत उत्तर देते, कारण आपल्या नावावर दुसरा कुणी पैसे उकळत असेल तर तिचाच परवाना धोक्यात येतो. पोर्टलवर बेकायदा एजंटांचीही यादी आहे, तीही बघा. पण त्या यादीत नाव नसलं म्हणजे माणूस कायदेशीर ठरला असं समजू नका. त्या यादीत फक्त ज्यांच्याविरुद्ध तक्रार होऊन नोंद झाली तेवढेच असतात.

परवाना खरा निघाला तर दुसरा प्रश्न, नोकरी आहे का? परदेशी कंपनीला माणसं हवी असतील तर ती एजंटला दोन कागद देते. डिमांड लेटरमध्ये कोणत्या कामाचे किती लोक हवेत, पगार किती, राहण्या-जेवणाचं काय हे लिहिलेलं असतं. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीमध्ये ‘आमच्या वतीने या एजन्सीने भरती करावी’ असं एजन्सीच्या नावानिशी आणि परवाना क्रमांकासह लिहिलेलं असतं. या दोन्हींच्या प्रती मागा. एजंट म्हणेल, कंपनीचे कागद गुप्त असतात. हे पटवून घेऊ नका. तुमचा भाऊ दोन वर्षं त्या कंपनीत राहणार आहे, तिचं नाव आणि तिच्या अटी त्याला कळायलाच हव्यात. ‘मोठी कंपनी आहे, नाव नंतर सांगतो’ असं उत्तर आलं तर कंपनी अजून मिळालेलीच नाही असं धरून चाला.

कंपनीचं नाव मिळालं की ती खरंच आहे का ते बघा. यूएईतल्या कंपन्यांची सरकारी नोंद ऑनलाइन शोधता येते. शिवाय दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. तिथून ८०० ४६३४२ हा नंबर टोल फ्री आहे, म्हणजे तुमच्या गावचं कुणी तिथे असेल तर त्याला फोन करायला सांगा. आमच्याकडे बहुतेक वेळा असं कुणीतरी निघतंच. त्यालाच कंपनीच्या पत्त्यावर एकदा जाऊन बघायला सांगितलं तर फारच उत्तम. एका मुलाच्या बाबतीत मामेभाऊ पत्त्यावर गेला आणि तिथे कंपनीऐवजी एक टायपिंग सेंटर निघालं, व्हिसाचे फॉर्म भरून देणारं.

यानंतरचा कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडच्या मुलांना तो बहुतेक कधी दाखवलाच जात नाही. यूएईत कंपनी कामगार घेते तेव्हा तिला तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या, म्हणजे मोहरेच्या, यंत्रणेतून ठराविक नमुन्यातलं ऑफर लेटर काढावं लागतं. त्यात अरबी आणि इंग्रजी असतंच, शिवाय कामगाराला समजेल अशी तिसरी भाषा निवडता येते. मराठी त्यात नाही, पण हिंदी आहे. ती मागून घ्या. या ऑफरवर मुलाने सही केल्यावर कामाच्या परमिटचा अर्ज पुढे जातो, आणि नंतरचा करार या ऑफरपेक्षा कमी अटींचा करता येत नाही. ऑफरवर बारकोड आणि ट्रान्झॅक्शन नंबर असतो. mohre.gov.ae वरच्या चौकशीच्या भागात तो टाकून खरं-खोटं बघता येतं. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं, ‘वी आर प्लीज्ड टु ऑफर’ वालं पत्र म्हणजे हे ऑफर लेटर नव्हे. ते कुणीही दहा मिनिटांत बनवू शकतो. एक अपवाद लक्षात ठेवा. कंपनी फ्री झोनमधली, म्हणजे स्वतःचे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्रातली असेल तर तिचे कागद मोहरेकडे नसून त्या फ्री झोनच्या कार्यालयाकडे असतात, मग चौकशी तिथे करावी लागते. एजंट जर ‘फ्री झोन आहे, म्हणून मोहरेची ऑफर नाही’ म्हणाला तर कोणता फ्री झोन ते नावाने सांगायला लावा.

आता विजिट व्हिसा. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणात खरा धोका इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एजंट म्हणतो ते अर्धं खरं आहे. विजिट व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथेच नोकरी लागली, कंपनीने परमिट काढलं, तर देशाबाहेर न जाता त्याचा दर्जा बदलून घेता येतो. अशी माणसं आहेत. पण त्यात ‘नोकरी लागली’ आणि ‘कंपनीने परमिट काढलं’ हे दोन टप्पे आहेत, आणि विजिट व्हिसा हातात असताना त्यातला एकही झालेला नसतो. कुठल्याही कंपनीने तुमच्या भावासाठी काहीही लिहून दिलेलं नसतं. एजंटच्या दृष्टीने मात्र त्याचं काम संपलेलं असतं. पर्यटन कंपनीकडून व्हिसा घ्यायचा, तिकीट काढायचं, मुलाला विमानात बसवायचं. पुढे मुलगा खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहून रोज इंटरव्ह्यू देत फिरतो. व्हिसा तीस किंवा साठ दिवसांचा. तो संपला की दर दिवसाला ५० दिरहम दंड सुरू होतो. मग कुणीतरी कॅश पगारावर कामाला ठेवतो, आणि विजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पगार बुडाला, अपघात झाला, तरी तक्रार करायला जायची त्याला भीती वाटते. २०२४ मध्ये यूएईने परमिटशिवाय माणसं कामाला लावणाऱ्या मालकांचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम इतका वाढवला, त्यामुळे नीट कंपन्या तर असा माणूस दारातही उभा करत नाहीत. उरतात ते ज्यांना कायद्याची फिकीर नाही असे मालक.

खरी नोकरी ठरलेली असेल तर कंपनी इथे बसल्या बसल्या कामाचं एन्ट्री परमिट काढते आणि मुलगा त्यावरच विमानात बसतो. मग विजिट व्हिसाचा वळसा कशाला? हे एजंटला थेट विचारा. ‘लवकर होतं’, ‘कोटा संपलाय’, ‘सगळेच असे जातात’ अशी उत्तरं येतील. या सगळ्यांचा अर्थ एकच, कामाचं परमिट अजून कुणी काढलेलं नाही.

व्हिसाची पीडीएफ हातात आली तर ती नीट वाचा. कामाच्या एन्ट्री परमिटवर प्रायोजक म्हणून नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव असतं आणि खाली हुद्दा लिहिलेला असतो. विजिट व्हिसावर प्रायोजक म्हणून बहुधा एखादी टूर्स अँड ट्रॅव्हल्स कंपनी असते. प्रायोजकाचं नाव आणि ऑफर लेटरवरचं कंपनीचं नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं. पीडीएफमध्ये शब्द बदलून ‘टूरिस्ट’चं ‘एम्प्लॉयमेंट’ करणारे महाभाग आहेत, म्हणून नुसती बघून सोडू नका. smartservices.icp.gov.ae वर फाइल व्हॅलिडिटी नावाची सोय आहे, तिथे पासपोर्टचा नंबर, त्याची मुदत संपण्याची तारीख आणि राष्ट्रीयत्व टाकलं की त्या व्हिसाची सरकारी नोंद दिसते. दुबईतून निघालेला व्हिसा असेल तर दुबईच्या जीडीआरएफए या खात्याच्या साइटवर बघावं लागतं. ही तपासणी तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर करा, एजंटने पाठवलेल्या लिंकवर नको. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट असतात. पत्त्याच्या शेवटी gov.ae आहे की नाही ते बघा.

तुमच्या भावाची आणखी एक बाजू आहे. आपल्या पासपोर्टच्या दोन जाती आहेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इसीआर असतं. यूएई, सौदी, कुवेत अशा १८ देशांत कामासाठी जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीच्या वेळी नोकरीचे कागद सरकारी माणूस एकदा तरी बघतो. तुमचा भाऊ दहावी पास, म्हणजे त्याला ही मंजुरी लागत नाही. सोयीचं वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की विमानतळापर्यंत त्याचे कागद कुणीच तपासणार नाही. एजंटांना असे मुलगे आवडतात ते यामुळेच. मंजुरी लागत नसली तरी एजंटला परवाना लागतोच आणि फीची मर्यादाही लागूच राहते. हे त्याला ठणकावून सांगा, कारण ‘दहावी पास आहे, याला ई-मायग्रेट लागत नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार आहे.

आता पैशांचा हिशोब करू. परवानाधारक एजंट कामगाराकडून सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३०,००० अधिक ५,४००, एकूण ३५,४००. तुमच्याकडे मागितलेत १ लाख ४० हजार, म्हणजे १ लाख ४,६०० रुपये जास्त. हे वरचे पैसे कशाचे, असं विचारलं की ‘व्हिसाचे’ आणि ‘तिकिटाचे’ असं सांगतील. पण यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याच्या सहाव्या कलमाने भरतीचा आणि नोकरीवर घेण्याचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायला मालकाला बंदी आहे. कामाचा व्हिसा कंपनी काढते आणि त्याचे पैसे कंपनी भरते. जिथे एजंट व्हिसाचे पैसे मुलाकडून मागतो तिथे एक तर तो कंपनीने दिलेल्या पैशावर डल्ला मारतोय, नाही तर व्हिसा कंपनीचा नाहीच, विजिटचा आहे. दिरहमला २४ रुपये धरले तर १,८०० दिरहम म्हणजे ४३,२०० रुपये. १ लाख ४० हजार म्हणजे पोराचा तीन महिन्यांहून जास्त पूर्ण पगार, तोही न खाता-पिता. व्याजाने उचलले असतील तर पहिलं वर्ष कर्ज फेडण्यातच जातं, आणि कर्ज डोक्यावर असलेला मुलगा तिथे काहीही सहन करतो. कागद तपासण्याइतकंच हे मी घरच्यांना बजावतो.

३५,४०० सुद्धा कधी द्यायचे? माझा सल्ला असा की ऑफर लेटर आणि कामाचं एन्ट्री परमिट सरकारी साइटवर दिसल्यानंतर. आणि ते बँकेतून एजन्सीच्या खात्यावर, कुणाच्या वैयक्तिक जीपेवर नाही. पावतीवर एजन्सीचं पूर्ण नाव, परवाना क्रमांक, रक्कम आणि ‘परदेशी नोकरीसाठी भरतीचं सेवा शुल्क’ असे शब्द हवेत. पावतीचे शब्द नीट बघायला मी का सांगतो, ते ऐका. ‘ट्रेनिंग फी’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘टूर पॅकेज’ किंवा ‘हातउसने’ असं लिहिलेली पावती देण्याची पद्धत आहे. पुढे भांडण झालं की एजंट म्हणतो, मी नोकरी कुठे कबूल केली होती, मी ट्रेनिंग दिलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘व्हिसा न झाल्यास पैसे परत’ असं लिहून देतात, त्याचाही मोह नको. त्यात व्हिसा लिहिलेलं असतं, नोकरी लिहिलेली नसते, आणि विजिट व्हिसा तर होतोच. मेडिकल किंवा ट्रेड टेस्ट इथे करायला सांगितली तर ते पैसे थेट त्या केंद्रावर भरा आणि पावती घ्या.

पगाराच्या आकड्यातही बघायचं असतं. १,८०० हा आकडा बेसिक किती आणि भत्ते किती असा फोडून लिहून घ्या. यूएईत ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक असा हिशोब आहे. बेसिक १,५०० असेल तर दिवसाचे ५० दिरहम, दोन वर्षांची ग्रॅच्युइटी २,१०० दिरहम. त्याच १,८०० मध्ये बेसिक ९०० दाखवलं आणि बाकी भत्ते म्हणून लिहिले तर ती १,२६० होते. ओव्हरटाइमला हा फरक दर महिन्याला बसतो. आठ तासांची ड्युटी की बारा तासांची, हेही ऑफरवर लिहिलेलं बघा. ‘१,८०० मिळतात’ म्हणणारा कित्येकदा बारा तासांच्या ड्युटीचा ओव्हरटाइम धरूनच बोलत असतो.

आणि ‘शंभर टक्के पक्की’ म्हणजे काय? माणूस घ्यायचा की नाही हे कंपनी ठरवते, आत सोडायचं की नाही हे यूएई सरकार ठरवतं. मेडिकलमध्ये नापास झाला तर चांगली कंपनीसुद्धा परत पाठवते. एजंटच्या हातात यातलं काही नाही. तो कशाची हमी देऊ शकतो? आपली फी किती आणि काम झालं नाही तर ती किती दिवसांत परत, एवढ्याचीच. ‘व्हिसा ब्लॉक’ करायला टोकन लागतं ही गोष्ट मी इतकी वर्षं ऐकतो आहे, पण पैसे भरून कामगाराच्या नावावर राखून ठेवता येईल असा व्हिसा मी पाहिलेला नाही.

पासपोर्टबद्दल. तपासणीसाठी झेरॉक्स किंवा स्कॅन पुरतो. यूएईचं एन्ट्री परमिट ऑनलाइन निघतं, त्यासाठी मूळ पासपोर्ट एजंटच्या कपाटात असण्याची गरज नाही. मूळ पासपोर्ट लवकर मागतात तो मुलगा दुसरीकडे जाऊ नये म्हणून, आणि पुढे ‘कॅन्सलेशन चार्ज’ भरल्याशिवाय परत न देण्यासाठी. एकदा माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. त्यांनी पैसे दिले नव्हते, फक्त पासपोर्ट दिला होता, आणि तो सोडवायला त्यांच्याकडे २५ हजार मागत होते. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, अडकवून ठेवायचा कुणालाच अधिकार नाही. पोलिसात जातो असं लेखी कळवल्यावर दुसऱ्या दिवशी तो मिळाला.

याच ऑफिसातून तुम्हाला कदाचित दुसरा रस्ताही सुचवतील. दुबई राहू द्या, मुलाला कॅनडाला स्टुडंट व्हिसावर पाठवू, शिकता शिकता कमवेल. शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला ई-मायग्रेटचा परवाना लागत नाही, त्यामुळे वरची पहिली चाळणी तिथे चालत नाही. तिथे कागद कॉलेजकडून तपासायचा असतो. २०२३ मध्ये पंजाबातल्या शेकडो मुलांची प्रवेशपत्रं खोटी असल्याचं ती मुलं कॅनडात पोचून, काहींची तर शिक्षणं संपल्यावर, उघड झालं. त्यानंतर त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्राची खात्री थेट कॉलेजकडून करून घ्यायला सुरुवात केली. तुम्ही तेच आधी करा. कॉलेज canada.ca वरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का ते बघा, कॉलेजच्या स्वतःच्या साइटवरचा ईमेल घेऊन प्रवेशपत्राचा क्रमांक पाठवून विचारा, आणि फी कॉलेजच्या खात्यावर भरा. कॅनडाच्या व्हिसा अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा तिथला वकील किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन या सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे नोंदलेला सल्लागार असावा लागतो. त्याचं नाव college-ic.ca वर शोधता येतं. पण इलेक्ट्रिशियनला काम हवं असताना त्याला विद्यार्थी म्हणून पाठवणं मुळातच चुकीचं आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

समजा या आधीच टोकन देऊन झालं असेल, तर आजच व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे मेसेज, ऑडिओ, व्यवहाराचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर किंवा मेलवर काढून ठेवा. रोख दिले असतील तर एजंटला साधा मेसेज टाका, ‘अमुक तारखेला तुमच्याकडे दुबईच्या नोकरीसाठी इतके रुपये दिले, त्याची पावती द्यावी.’ त्याचं ‘हो, देतो’ एवढं उत्तरसुद्धा पुढे पुरावा होतं. एजंट नोंदणीकृत असेल तर तक्रार ई-मायग्रेटवर करा, तिथे त्याच्या परवान्यावर कारवाई होऊ शकते आणि म्हणून पैसे परत मिळण्याची शक्यता बरी असते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथेही लेखी अर्ज देता येतो. माहितीसाठी १८०० ११ ३०९० ही हेल्पलाइन आहे. नोंदणीच नसेल तर मामला पोलिसांचा आहे. तक्रारीत ‘पैसे बुडवले’ एवढंच लिहू नका, ‘परवाना नसताना परदेशी नोकरीसाठी भरती केली’ हेही लिहा आणि एमिग्रेशन अ‍ॅक्टचा उल्लेख करा. नाहीतर ठाण्यात हा तुमचा आपसातला देण्याघेण्याचा व्यवहार आहे म्हणून परत पाठवतात.

तुमच्या बाबतीत मी पुढचं पाऊल असं टाकेन. त्या माणसाला आज एक मेसेज करा: ‘भाऊ यायला तयार आहे. एजन्सीचा परवाना क्रमांक, कंपनीचं डिमांड लेटर आणि मोहरेचं ऑफर लेटर पाठवा. परमिट साइटवर दिसलं की सेवा शुल्क एजन्सीच्या खात्यावर त्याच दिवशी भरतो.’ यात कुठेही अविश्वास नाही, नकार नाही. खरी भरती असेल तर काही दिवसांत कागद येतील. ‘तुमचा विश्वास नसेल तर जागा दुसऱ्याला देतो’ असं उत्तर आलं तर देऊ द्या.

आणि कागद खरे निघाले तर जाण्याआधी दोन कामं करा. प्रवासी भारतीय विमा योजना इसीआरवाल्यांना सक्तीची आहे, पण दहावी पास मुलंही ई-मायग्रेटवर स्वतः नोंद करून ती घेऊ शकतात. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण आहे, आणि दोन वर्षांचा हप्ता पावणेतीनशे रुपयांच्या आसपास. त्या नोंदीमुळे तुमचा भाऊ कुठल्या कंपनीत गेला हे सरकारदरबारीही लिहिलेलं राहतं. दुसरं, ऑफर लेटर, परमिट, पावती आणि पासपोर्ट यांच्या प्रतींचा एक संच तुमच्याजवळ ठेवा आणि भाऊ तिथे पोचल्यावर त्याला सही करायला देतील तो करार त्याला आधी फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. पगाराचा आकडा, बेसिक आणि हुद्दा ऑफरशी ताडून बघा. जुळत नसेल तर सही न करता त्याने आधी दूतावासाच्या त्या टोल फ्री नंबरवर फोन करावा.